बर्फ वितळतो, ड्राय आइस का नाही?

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. घरातलं लग्न होतं. नवरा-नवरी एकमेकांना हार घालत असताना व्यासपीठावर पांढरे ढग पसरले आणि सगळे मोबाइल एकदम वर झाले. मी मात्र मागच्या बाजूला होतो. तिथे डेकोरेटरचा मुलगा जाड हातमोजे घालून एका पिंपातल्या गरम पाण्यात पांढऱ्या कांड्या टाकत होता आणि माझी नववीतली भाची डोळे विस्फारून ते पाहत होती. एक कांडी निसटून फरशीवर पडली होती. दहा-पंधरा मिनिटांत ती नाहीशी झाली. भाचीनं फरशीवरून नजर फिरवली. फरशी कोरडी ठणठणीत.

"मामा, हा बर्फ वितळत का नाही?"

मी शिक्षकी थाटात म्हणालो, "तो गोठलेला कार्बन डायऑक्साइड. त्याला ड्राय आइस म्हणतात. तो वितळत नाही, थेट वायू होतो. त्याला संप्लवन म्हणतात."

"ते पुस्तकात आहे. पण का?"

नाव सांगणं म्हणजे कारण सांगणं नव्हे, हे तिनं मला एका वाक्यात शिकवलं. मग लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर मी तिला दोन नकाशे काढून दाखवले, एक पाण्याचा आणि एक कार्बन डायऑक्साइडचा. रसायनशास्त्रात त्यांना फेज डायग्रॅम म्हणतात. तिच्या प्रश्नाचं उत्तर त्या दोन नकाशांच्या फरकात होतं.

नकाशा वाचायचा कसा

या नकाशात पूर्व-पश्चिम दिशेला तापमान असतं. डावीकडे थंड, उजवीकडे गरम. दक्षिण-उत्तर दिशेला दाब असतो. खाली कमी, वर जास्त. नकाशावरचा प्रत्येक ठिपका म्हणजे तापमान आणि दाब यांची एक जोडी, म्हणजेच एक परिस्थिती. त्या परिस्थितीत तो पदार्थ एकटाच असेल, तर तो कोणत्या रूपात नांदेल, एवढंच हा नकाशा सांगतो.

नकाशावर तीन गावं असतात. डावीकडे थंड प्रदेशात स्थायूचं गाव. खाली उजवीकडे, जिथे उष्णता जास्त आणि दाब कमी, तिथे वायूचं. या दोघांच्या मध्ये वरच्या बाजूला द्रवाचं गाव. दोन गावांच्या मध्ये शीव असते, तशी इथे दोन अवस्थांच्या मध्ये रेषा असते. शिवेवर दोन्ही अवस्था एकत्र राहू शकतात. सरबताच्या पेल्यात बर्फ तरंगत असतो, तेव्हा तो पेला स्थायू आणि द्रव यांच्या शिवेवर उभा असतो. म्हणूनच शेवटचा खडा विरघळेपर्यंत त्यातलं पाणी शून्याच्या आसपासच रेंगाळतं. बाहेरून येणारी उष्णता तापमान वाढवण्यात खर्च होत नाही, ती बर्फाला शीव ओलांडायला लावते.

आता पाण्याच्या नकाशावर एक फेरी मारू. समुद्रसपाटीवर हवेचा दाब सुमारे १०१३ मिलिबार असतो. त्याला एक वातावरण म्हणतात. त्या उंचीवर एक आडवी रेषा काढा आणि तिच्यावरून डावीकडून उजवीकडे चाला. उणे वीस अंशांवर आपण बर्फाच्या गावात आहोत. शून्य अंशावर पहिली शीव लागते आणि बर्फाचं पाणी होतं. पुढे शंभर अंश द्रवाच्या गावातून चालायचं. शंभर अंशांवर दुसरी शीव लागते, तिथे पाणी उकळून वाफ होते. शाळेत शिकलेले शून्य आणि शंभर हे आकडे म्हणजे या एकाच आडव्या वाटेनं दोन शिवा जिथे ओलांडल्या, त्या दोन जागा.

वाट थोडी खाली सरकवली की हे आकडे बदलतात. महाबळेश्वरला हवा विरळ असते, आपली आडवी रेषा किंचित खाली येते आणि द्रव-वायूची शीव लवकर लागते. पाणी साडेपंच्याण्णव अंशांच्या आसपासच उकळतं. उलट कुकरच्या शिट्टीचं वजन आतला दाब हवेच्या जवळजवळ दुप्पट होईपर्यंत वाफ अडवून धरतं. रेषा वर जाते, शीव लांब पडते आणि पाणी एकशे वीस अंशांपर्यंत द्रवच राहतं. म्हणून डाळ लवकर शिजते. चूल तीच, पाणी तेच. वाट तेवढी वर-खाली झाली.

मग ही वाट आणखी खाली, खूपच खाली नेली तर? द्रवाच्या दोन्ही शिवा एकमेकींच्या जवळ येत जातात. द्रवाचं गाव शंभर अंश रुंद होतं, ते पन्नास होतं, वीस होतं, पाच होतं. शेवटी एका जागी दोन्ही शिवा मिळतात आणि द्रवाचं गाव संपतं. त्याच्या खाली फक्त स्थायू आणि वायू शेजारी-शेजारी उरतात, त्यांच्यामध्ये एकच शीव. हरिश्चंद्रगडाच्या परिसरात ठाणे, पुणे आणि अहिल्यानगर या तीन जिल्ह्यांच्या सीमा भेटतात, तशी ही जागा. तिला त्रिक बिंदू म्हणतात. स्थायू, द्रव आणि वायू तिघंही एकत्र राहू शकतात अशी ती नकाशावरची एकमेव जागा आहे. त्रिक बिंदू हे नाव जेम्स थॉमसन या शास्त्रज्ञानं १८७३ मध्ये दिलं. केल्विन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विल्यम थॉमसनचा तो थोरला भाऊ.

उकळता-उकळता गोठणारं पाणी

पाण्याचा त्रिक बिंदू ०.०१ अंश सेल्सियस आणि ६.११ मिलिबार या जागी आहे. म्हणजे हवेच्या दाबाच्या शंभराव्या भागाहूनही कमी दाबाला. तिथे पोहोचायची एक वाट महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत चालून पाहता येते. काचेच्या हंडीखाली वाटीभर पाणी ठेवायचं आणि पंपानं आतली हवा काढून घ्यायची.

पाणी तीस अंशांचं असेल, तर दाब ४२ मिलिबारपर्यंत उतरताच ते खळाखळा उकळायला लागतं. खाली चूल नाही, विस्तव नाही. पण उकळायला उष्णता तर लागतेच. ती पाणी स्वतःतूनच काढतं, म्हणून ते थंड होत जातं. पंप चालूच असल्यानं दाबही उतरत राहतो. आपण आता द्रव-वायूच्या शिवेवरूनच खाली घसरतो आहोत. वीस अंशांना २३ मिलिबार, दहा अंशांना १२ मिलिबार. एवढं होईपर्यंत शंभर ग्रॅम पाण्यातलं जेमतेम तीन-चार ग्रॅम उडून गेलेलं असतं. मग ६.११ मिलिबार येतात आणि बुडबुडे फुटत असतानाच पृष्ठभागावर बर्फाची साय धरते. पाणी उकळतंही आहे आणि गोठतंही आहे. तळाशी द्रव, वर बर्फ, बाजूला वाफ. तिघांची भेट होते ती इथे.

पंप चालूच ठेवला तर उरलेलं पाणी गोठून जातं आणि मग तो बर्फ वितळत नाही, नुसता उडत राहतो. म्हणजे आपला ओळखीचा, घरच्या फ्रीजमधला बर्फ इथे थेट ड्राय आइससारखा वागतो. हाच गुण गोवरासारख्या लसी टिकवण्यासाठी वापरतात. लस आधी गोठवतात, मग दाब त्रिक बिंदूच्या बराच खाली ठेवून तिच्यातला बर्फ वितळू न देता वाफ करून काढून घेतात. मागे कोरडी, हलकी पूड उरते. या कामात दाब किंवा तापमान चुकून वर गेलं, तर कुपीतला तो सच्छिद्र लगदा बसतो, आकसतो आणि चिकट होतो. कुपीकडे नुसतं पाहूनही चूक कळते.

त्रिक बिंदू ०.०१ अंशाला का, नेमका शून्यावर का नाही, असा प्रश्न भाचीनंही विचारला. उत्तर असं, की शाळेतला शून्य अंश हा हवेखालच्या बर्फाचा आहे. हवेचा एक वातावरण दाब पाण्याचा गोठणबिंदू अंशाच्या हजाराव्या भागांत मोजावा एवढा खाली ढकलतो आणि पाण्यात विरघळलेली हवा त्यात आणखी थोडी भर घालते. दोन्ही मिळून सुमारे एक शतांश अंश. त्रिक बिंदूच्या नळीत हवा नसते, फक्त पाणी आणि त्याची स्वतःची वाफ असते. तिथे वरून हवा दाबत नाही आणि पाण्यात हवाही विरघळलेली नसते. त्यामुळे ती जागा हलत नाही. याच स्थिरपणामुळे १९५४ पासून २०१९ पर्यंत जगाचं तापमानाचं माप या बिंदूला बांधलेलं होतं. केल्विन या एककाची व्याख्याच पाण्याच्या त्रिक बिंदूवरून केलेली होती. २०१९ मध्ये व्याख्या बदलली, पण अचूक तापमापक तपासायला त्रिक बिंदूच्या काचेच्या नळ्या आजही वापरतात. नळीच्या मधोमध तापमापकासाठी एक विहीर असते. तिच्याभोवती बर्फाचं आवरण धरायला हवं म्हणून त्या विहिरीत बऱ्याचदा ड्राय आइसचा चुरा टाकतात. पाण्याचा त्रिक बिंदू गाठायला कार्बन डायऑक्साइडची मदत होते ती अशी.

दुसरा नकाशा

आता पत्रिकेवरचा दुसरा नकाशा. कार्बन डायऑक्साइडच्या नकाशातही तीच तीन गावं, त्याच तीन शिवा. फक्त त्रिक बिंदूची जागा वेगळी. तो उणे ५६.६ अंश आणि ५.१ वातावरण दाबाला आहे. पाण्याच्या त्रिक बिंदूच्या दाबापेक्षा सुमारे साडेआठशे पट वर.

पुस्तकातल्या आकृतीत हा फरक नीट दिसत नाही, कारण ती प्रमाणात काढलेली नसते. प्रमाणात काढायचं ठरवून एक वातावरण दाबाला एक सेंटिमीटर उंची दिली, तर पाण्याचा त्रिक बिंदू खालच्या अक्षापासून ०.०६ मिलिमीटरवर येईल, पेन्सिलीच्या रेषेतच तो झाकला जाईल. कार्बन डायऑक्साइडचा मात्र ५.१ सेंटिमीटरवर येईल. आणि आपण, म्हणजे आपली हवा, एका सेंटिमीटरवर. एका त्रिक बिंदूच्या वर आणि दुसऱ्याच्या खाली.

भाचीच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे. एक सेंटिमीटरवरून आडवं चालत निघा. पाण्याच्या नकाशात वाट त्रिक बिंदूच्या वरून जाते, म्हणून मध्ये द्रवाचं गाव लागतं. कार्बन डायऑक्साइडच्या नकाशात ती त्रिक बिंदूच्या खालून जाते. तिथे द्रवाचं गावच नाही. उणे ७८.५ अंशांवर एकच शीव लागते, तिच्या एका बाजूला स्थायू आणि दुसऱ्या बाजूला वायू.

हेच रेणूंच्या भाषेत सांगतो. कोणत्याही स्थायूतून थोडे रेणू सतत सुटून बाहेर पडू पाहत असतात. त्यांचा जो रेटा असतो त्याला बाष्पदाब म्हणतात आणि तापमानाबरोबर तो वाढतो. कार्बन डायऑक्साइडला वितळायचं असेल, तर उणे ५६.६ अंशांपर्यंत तापावं लागेल. पण त्या तापमानाला त्याचा रेटा ५.१ वातावरण झालेला असतो. आपली हवा त्याच्यावर एकाच वातावरणाचा दाब टाकते. त्यामुळे वितळण्याच्या तापमानाला पोहोचण्याच्या बावीस अंश आधीच, उणे ७८.५ ला, त्याचा रेटा हवेइतका होतो आणि रेणू हवेला बाजूला सारून निघून जातात. ड्राय आइस वितळण्याआधीच उकळतो, असं म्हटलं तरी चालेल. बर्फाचं उलट आहे. वितळायच्या तापमानाला त्याचा रेटा जेमतेम ६ मिलिबार असतो. हजार मिलिबारची हवा त्याला सहज दाबून ठेवते आणि तो निवांत वितळतो.

मग फरशीवरची कांडी एका क्षणात का उडून गेली नाही? कारण शीव ओलांडायला उष्णता मोजावी लागते. एक किलो ड्राय आइसला वायू व्हायला सुमारे ५७० किलोज्यूल लागतात. एक किलो बर्फ वितळायला ३३४. ही उष्णता फरशीतून आणि हवेतून हळूहळू मिळते, तोवर कांडी उणे ७८ च्या आसपासच बसून असते. आइसक्रीम किंवा लसी दूर पाठवताना ड्राय आइस वापरतात तो म्हणूनच. तो पुष्कळ उष्णता शोषतो, फ्रीजच्या बर्फापेक्षा कितीतरी थंड असतो आणि खोक्यात पाणी साचू देत नाही. जाता जाता एक खुलासा. व्यासपीठावरचे पांढरे ढग कार्बन डायऑक्साइडचे नसतात. तो वायू रंगहीन आहे. पिंपातल्या पाण्याची वाफ त्या थंडीनं गोठून तिचे बारीक तुषार होतात, तेच आपल्याला दिसतात. थंड कार्बन डायऑक्साइड हवेहून जड असतो, म्हणून ढग नवरीच्या पैठणीच्या काठांपाशीच लोळतात.

ड्राय आइस वितळवायचा असेल तर

हे उत्तर खरं असेल, तर एक गोष्ट व्हायलाच हवी. दाब ५.१ वातावरणांच्या वर नेला की ड्राय आइस वितळला पाहिजे. आणि तो वितळतो. आमच्या प्रयोगशाळेत आम्ही हे दाखवतो. मऊ प्लॅस्टिकच्या ड्रॉपरचं तोंड कापून त्याच्या फुग्यात ड्राय आइसचे थोडे दाणे टाकायचे, मान दुमडून पकडीनं घट्ट धरायची आणि फुगा पाण्यानं भरलेल्या पेल्यात बुडवायचा. पाण्याची उष्णता मिळून दाण्यांचा वायू होत जातो, त्याला बाहेर जायला वाट नसते, दाब चढत जातो. काही सेकंदांत दाणे ओलसर दिसतात आणि मग फुग्यात चक्क पाण्यासारखा द्रव डुचमळायला लागतो. हा द्रव कार्बन डायऑक्साइड. त्या क्षणी फुग्यात स्थायू, द्रव आणि वायू तिन्ही असतात. आपण त्रिक बिंदू डोळ्यांनी पाहत असतो.

पकड किंचित सैल केली की दाब खाली येतो आणि द्रव डोळ्यांदेखत पुन्हा पांढरा दगड होतो. काही भाग वायू होऊन निसटतो, जाताना उरलेल्याची उष्णता नेतो आणि उरलेला गोठतो. हंडीखालच्या वाटीत पाण्याचं जे झालं, तेच इथे झालं. फक्त ते ६ मिलिबारला घडलं, हे पाच वातावरणांना.

हा प्रयोग चष्मा लावून, शिक्षकांनीच करायचा असतो, कारण पकड वेळेवर सैल केली नाही तर फुगा फुटतो. आणि हेच बंद बाटलीत कधीही करू नये. शंभर ग्रॅम ड्राय आइसचा पूर्ण वायू झाला, तर आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्याला पन्नासहून अधिक लिटर जागा लागते. तो लिटरभराच्या बाटलीत कोंडला, तर दाब कितीतरी डझन वातावरणांपर्यंत चढू पाहतो. सोड्याची प्लॅस्टिकची बाटली त्याच्या खूप आधी बॉम्बसारखी फुटते. फ्रान्समध्ये थिलोरिए यानं १८३५ मध्ये घन कार्बन डायऑक्साइड पहिल्यांदा दाखवला, तेव्हा तोही दाबाखालच्या द्रवापासूनच मिळवला होता. तो द्रव त्यानं मोकळ्या हवेत सोडला, दाब एकदम ५.१ च्या खाली आला आणि पांढरा हिमासारखा चुरा पडला. आजचे कारखाने तेच करतात. थंड केलेला द्रव सोडला की त्याचा अर्ध्याहून थोडा कमी भाग हिम होतो, बाकीचा वायू होऊन जातो. ते हिम दाबून वड्या किंवा कांड्या पाडतात.

कार्यालयाच्या भिंतीवरचा काळ्या नळीचा अग्निशामक या नकाशाचाच नमुना आहे. त्यात पाच वातावरणांहून पुष्कळ जास्त दाबाखाली कार्बन डायऑक्साइड भरलेला असतो, म्हणून वीस अंशांना आत द्रव असतो आणि त्याच्यावर वायू. दाब सुमारे ५७ वातावरण. दोन अवस्था एकत्र असल्यानं सिलिंडर शिवेवर उभा आहे आणि शिवेवर तापमान ठरलं की दाबही ठरतो. मग आत द्रव भरपूर असो वा चमचाभर, दाब तोच. म्हणूनच या अग्निशामकावर दाबाचा काटा सहसा नसतो. तो काटा पाहून भरणा कळणारच नाही. तपासनीस सिलिंडर उचलून वजनकाट्यावर ठेवतो, ते याच कारणानं.

पण नागपूरच्या मे महिन्यात या सिलिंडरात आणखी एक नवल घडतं. द्रव आणि वायू यांची शीव वर कायम जात नाही. ती एका ठिकाणी संपते, त्याला क्रांतिक बिंदू म्हणतात. पाण्याचा तो ३७४ अंश आणि २१८ वातावरणांवर आहे, आपल्या रोजच्या व्यवहारात कधी न येणारा. कार्बन डायऑक्साइडचा मात्र ३१ अंश आणि ७३ वातावरणांवर. बेलफास्टच्या थॉमस अँड्र्यूज यानं काचेच्या नळीत हा वायू दाबून-दाबून ही जागा शोधली आणि १८६९ मध्ये जाहीर केली. पारा चाळिशीच्या पुढे गेला की सिलिंडरात द्रवाची पातळी नावाची गोष्टच उरत नाही. आतला पदार्थ धड द्रव नसतो, धड वायू नसतो आणि दाब शंभर वातावरणांच्या पुढे जाऊ शकतो. म्हणून हे सिलिंडर काठोकाठ भरत नाहीत आणि उन्हात ठेवत नाहीत.

कापराची गोष्ट वेगळी

एवढं सगळं ऐकून भाचीनं शेवटचा आणि सगळ्यात चांगला प्रश्न टाकला. "मग कापूर आणि डांबरगोळ्या? त्यापण वितळत नाहीत, उडून जातात."

पुस्तकात संप्लवनाच्या यादीत कापूर, नॅफ्थलीनच्या डांबरगोळ्या आणि ड्राय आइस शेजारी-शेजारी बसलेले असतात, म्हणून घोटाळा होतो. डांबरगोळी सावकाश गरम करून पाहिली, तर ८० अंशांना ती सरळ वितळते आणि २१८ अंशांना उकळते. कापूरही १७५ अंशांच्या पुढे वितळतो. म्हणजे दोघांचेही त्रिक बिंदू आपल्या हवेच्या दाबाच्या खाली आहेत, पाण्यासारखे. मग कपाटात ठेवलेली गोळी नाहीशी का होते?

कारण नकाशा म्हणतो ती परिस्थिती वेगळी आणि कपाटातली वेगळी. नकाशा एकट्या पदार्थाचा असतो. त्यात दाब म्हणजे त्या पदार्थावर पडणारा दाब आणि आजूबाजूला दुसरं काही नाही. कपाटात गोळीभोवती हवा आहे आणि त्या हवेत नॅफ्थलीनची वाफ जवळजवळ नाही. त्यामुळे गोळीचा तो क्षीण बाष्पदाबसुद्धा एकेक रेणू हवेत मिसळत राहायला पुरतो. उन्हात घातलेली ओली साडी शंभर अंश न गाठता वाळते, तसंच. फ्रीजच्या बर्फकप्प्यात खूप दिवस राहिलेले बर्फाचे खडे लहान होतात, तेही याच रीतीनं.

तेव्हा उडून जाण्याच्या रीती दोन आहेत. एक कापराची. रेणू गुपचूप हवेत मिसळतात, हवा कमी-जास्त असली तरी. दुसरी ड्राय आइसची. बाष्पदाब हवेइतका होतो आणि वायू हवेला ढकलून बाहेर येतो. दोहोंतला फरक ओळखायची परीक्षा सोपी आहे. पदार्थ उघड्यावर झटपट गरम करा. कापूर वितळेल. ड्राय आइस कितीही तापवलात तरी उघड्यावर वितळणार नाही, फक्त लवकर संपेल. पिंपातल्या गरम पाण्यात तो वितळला नाही, उकळल्यासारखा बुडबुडे सोडत राहिला, ते त्यामुळेच.

मंगळावरचे चार दिवस

हे दोन्ही नकाशे एकदा हातात हात घालून कामाला आले, ते मंगळावर. नासाचं फिनिक्स हे यान २५ मे २००८ रोजी मंगळाच्या उत्तर ध्रुवाजवळच्या मैदानावर उतरलं. त्याच्या यांत्रिक हातानं जमिनीत एक उथळ चर खणला. जून महिन्यात चराच्या तळाशी फाशांएवढे पांढरे खडे दिसले. चार मंगळी दिवसांनी घेतलेल्या छायाचित्रात त्यातले काही नव्हते. फरशीवरच्या कांडीसारखे ते नाहीसे झाले होते, मागे ओलही नव्हती.

मीठ असतं तर ते उडालं नसतं. राहिले दोन संशयित, गोठलेलं पाणी आणि गोठलेला कार्बन डायऑक्साइड. दोघंही मंगळावर सापडतात. तिथल्या हवेचा दाब त्या जागी आठ मिलिबारच्या आसपास. त्या उंचीवर दोन्ही नकाशांत आडवी रेषा ओढून पाहा. कार्बन डायऑक्साइडची स्थायू-वायू शीव उणे सव्वाशे अंशांच्या जवळ लागते. यान होतं तिथे उन्हाळा होता आणि तापमान साधारण उणे तीस ते उणे ऐंशीच्या दरम्यान फिरत होतं, म्हणजे त्या शिवेच्या खूप उजवीकडे, वायूच्या गावात. ड्राय आइस तिथे चार दिवस टिकलाच नसता. पाण्याच्या नकाशात मात्र उणे तीस म्हणजे पक्कं बर्फाचं गाव. तिथे बर्फाचा बाष्पदाब एका मिलिबारच्याही खाली असतो. असा बर्फ कोरड्या हवेत कापराच्या रीतीनं हळूहळू, दिवसादिवसानं झिजतो. नेमकं तेच दिसलं होतं.

शास्त्रज्ञांनी निष्कर्ष काढला की ते खडे पाण्याच्या बर्फाचे होते. पुढे जुलै महिन्यात यानानं मातीचा नमुना भट्टीत घालून तापवला आणि निघालेल्या वाफेत पाणी असल्याची खात्री झाली.